खुर्चीत बसलं की बास गायब, भिंतीला टेकलं की धडधड! लहान खोलीत असं का होतं?

कामोठ्यातल्या वन बीएचके फ्लॅटची बेडरूम डोळ्यासमोर आणा. साधारण बारा फूट लांब, दहा फूट रुंद, वर नऊ फुटांवर स्लॅब. समजा, गाणी बनवणाऱ्या एका तरुणाने या खोलीत छोटा स्टुडिओ थाटलाय. टेबल, लॅपटॉप, दोन बऱ्यापैकी स्पीकर आणि खोलीच्या मधोमध खुर्ची.

रात्रभर बसून तो गाणं मिक्स करतो. बास कमी वाटतो म्हणून वाढवतो. अजून कमी वाटतो, अजून वाढवतो. सकाळी तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं, तर नुसता गुम्म गुम्म आवाज. गायकाचा शब्दही कळत नाही. हळदीच्या कार्यक्रमात डीजेवर वाजलं, तर आणखी वाईट.

स्पीकर खराब नाहीत आणि त्याचे कानही चांगले आहेत. घोळ त्या खोलीत आहे, आणि नेमका कुठे आहे ते एका मायक्रोफोनने आणि एका आलेखाने तासाभरात दाखवता येतं. ते कसं, तेच समजून घेऊ.

आधी परातीतलं पाणी बघा

परातीत पाणी घ्या आणि ती हळूच एका लयीत पुढे-मागे हलवा. एक लय अशी सापडते की पाणी जोरात हिंदकळायला लागतं. एका काठाला पाणी वर येतं तेव्हा समोरच्या काठाला खाली जातं, मग उलट होतं. आता परातीच्या मध्यावर लक्ष द्या. तिथली पाण्याची पातळी जवळपास हलतच नाही. सगळी उचल-खाच काठांना असते, मध्य शांत असतो.

खोलीतल्या हवेचंही हेच होतं. स्पीकरमधून निघालेला आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. ती समोरच्या भिंतीवर आपटून परत येते, मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा पुढे जाते. लाटेची लांबी आणि खोलीची लांबी यांचं माप नेमकं जुळलं, तर जाणारी आणि येणारी लाट एकमेकींना साथ देतात. झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहिलं की तो उंच जातो, तसंच. मग लाट पुढे सरकताना दिसत नाही. भिंतींपाशी दाब जोरात वर-खाली होत राहतो आणि मध्यावर जवळपास काहीच होत नाही. याला स्थिर लाट म्हणतात. साऊंडवाले लोक तिला स्टँडिंग वेव्ह किंवा रूम मोड म्हणतात.

माप जुळण्याची पहिली वेळ येते ती लाटेची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी झाली की. म्हणून हिशोब अगदी सोपा आहे.

```
f = c / (2 × L)
```

यात c म्हणजे आवाजाचा वेग. २७ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. L म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये. उत्तर येतं हर्ट्झमध्ये.

या खोलीचं गणित काय येतं?

आपली खोली मीटरमध्ये मोजू. लांबी ३.६, रुंदी ३ आणि उंची २.७५.

लांबीसाठी ३४७ भागिले ७.२, म्हणजे ४८ हर्ट्झ. रुंदीसाठी ३४७ भागिले ६, म्हणजे ५८ हर्ट्झ. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये ३४७ भागिले ५.५, म्हणजे ६३ हर्ट्झ.

हे झाले पहिले तीन. प्रत्येकाची दुप्पट, तिप्पटही येते. लांबीची दुप्पट ९६, रुंदीची ११६, उंचीची १२६. शिवाय चार भिंतींवरून तिरप्या फिरणाऱ्या लाटाही असतात. त्यातली पहिली ७५ हर्ट्झच्या आसपास येते. पण सगळ्यात जास्त जोर असतो तो समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांमधल्या सरळ लाटांचा, म्हणून त्यांच्याकडेच लक्ष देऊ.

हे आकडे संगीतात कुठे येतात? बास गिटारवरचा खालचा जी सूर ४९ हर्ट्झचा असतो, म्हणजे खोलीच्या लांबीच्या लाटेवर जवळपास बरोबर बसणारा. पेटीवाल्यांच्या भाषेत ज्याला काळी पाच म्हणतात, तो सूर खालच्या सप्तकात ५८ हर्ट्झला येतो. तो रुंदीवर बसतो. त्यांच्या मधला ए सूर ५५ हर्ट्झचा, तो कुठेच नीट बसत नाही. म्हणजे एकाच बास लाइनमधला एक सूर खोली उचलून धरते आणि शेजारचा तसाच सोडून देते. वाजवणाऱ्याने सगळे सूर सारख्या जोरात वाजवले असले तरी.

मग मोठ्या हॉलमध्ये असं का होत नाही?

स्थिर लाटा तिथेही असतात. पण वीस मीटर लांब हॉलमध्ये पहिली लाट नऊ हर्ट्झच्या खाली जाते. तो आवाज माणसाला ऐकूच येत नाही. पन्नास हर्ट्झपर्यंत पोहोचेस्तोवर तिथे इतक्या स्थिर लाटा एकमेकींना खेटून गर्दी करतात की कुठलीही एक वेगळी उठून दिसत नाही. सगळ्यांची सरासरी होऊन आवाज सपाट लागतो.

लहान खोलीत ही गर्दी व्हायला उशीर लागतो. आपल्या खोलीत ती साधारण दोनशे हर्ट्झच्या पुढे होते. त्याखाली ४८, ५८, ६३, ७५ असे सुटे सुटे खांब उभे असतात आणि मध्ये रिकाम्या जागा. म्हणून लहान खोलीत गायकाचा आवाज, व्हायोलिन, झांजा यांना स्थिर लाटांचा त्रास होत नाही. मार खातो तो बास.

आपल्याकडच्या बांधकामाचाही यात हात आहे. आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचं प्लॅस्टर, ही जड आणि ताठ वस्तू बासला जवळपास तशीच परत पाठवते. लाकडी चौकटीवर पातळ बोर्ड ठोकलेल्या परदेशी घरांमध्ये भिंतच थोडी थरथरते आणि काही बास खाऊन टाकते. आपल्याकडे तो खोलीतच घुमत राहतो.

खुर्ची मधोमध ठेवली तिथेच फसलं

आता पुन्हा त्या तरुणाकडे येऊ. परातीचा मध्य शांत असतो, हे लक्षात आहे ना?

त्याची खुर्ची लांबीच्या मध्यावर आहे. दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर हवेत म्हणून ती रुंदीच्याही मध्यावर आहे. आणि बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, म्हणजे २.७५ मीटर उंचीच्या मध्याच्या जवळच. ४८, ५८ आणि ६३ या तिन्ही पहिल्या लाटांची शांत जागा नेमकी त्याच्या डोक्याभोवती आली. खोलीत बास भरपूर आहे, फक्त तो बसतो तिथे नाही.

त्याने जे वाढवलं ते स्वतःला ऐकू येत नव्हतं म्हणून. गाडीत ते सगळं बाहेर आलं.

मोजायचं कसं?

यासाठी लागतो एक मोजमापाचा मायक्रोफोन. यूएसबीवर चालणारे असे मायक्रोफोन मिळतात आणि त्यांच्यासोबत एक कॅलिब्रेशन फाइल येते. मायक्रोफोन कुठल्या वारंवारतेला किती कमी-जास्त दाखवतो, ते त्या फाइलमध्ये असतं. संगणकावर रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. लोक त्याला REW म्हणून ओळखतात.

सॉफ्टवेअर स्पीकरमधून एक लांब सूर सोडतं. तो अगदी खालून सुरू होतो आणि न तुटता वर चढत जातो. साऊंडच्या भाषेत याला स्वीप म्हणतात. मायक्रोफोन तो ऐकतो आणि प्रत्येक वारंवारतेला आवाज किती डेसिबल पोहोचला, त्याचा आलेख पडद्यावर येतो. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डेसिबल. हाच फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स.

बाससाठी २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप पुरतो. पंखा आणि एसी बंद ठेवा. सायन-पनवेल महामार्गावरच्या ट्रकची घरघरही याच पट्ट्यात येते, त्यामुळे रस्त्यालगतच्या इमारतीत रात्री उशिरा मोजलेलं बरं. एका वेळी एकच स्पीकर वाजवा, दुसरा बंद. आवाज आधी हळू ठेवा, मग वाढवा.

पहिलं मोजमाप खुर्चीवर घेऊ नका. स्पीकर एका कोपऱ्यात जमिनीवर ठेवा आणि मायक्रोफोन त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात, स्लॅबजवळ. कोपरा म्हणजे तीन पृष्ठभागांचा काठ. तिथे प्रत्येक स्थिर लाटेचा दाब जास्तीत जास्त असतो, म्हणून एकही लपत नाही. आपल्या खोलीत या आलेखावर ४८, ५८, ६३ अशा अरुंद, टोकदार सुळक्यांची रांग दिसायला हवी. कागदावरचं गणित आणि पडद्यावरचे सुळके एक-दोन हर्ट्झच्या फरकाने जुळले, तर समजायचं की खोलीची ओळख पटली. दार, खिडकी, कपाट यांमुळे थोडा फरक पडतोच.

मग मायक्रोफोन खुर्चीवर, कानाच्या उंचीला. आता चित्र उलटं होतं. साधारण ४५ ते ६५ हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा खड्डा पडतो, आणि ९६ ला मात्र सुळका उभा असतो. का? लांबीची दुसरी लाट मध्यावर शांत नसते, तिथे तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. तिच्या शांत जागा पुढच्या आणि मागच्या भिंतीपासून ०.९ मीटरवर असतात. म्हणजे खुर्चीवर खालचा बास गायब आणि त्याच्या वरचा सूर फुगलेला, असं दुहेरी नुकसान.

सगळेच खड्डे स्थिर लाटेचे नसतात

इथे बरेच जण चुकतात. आलेखावर खड्डा दिसला की रूम मोड म्हणून मोकळे होतात.

स्पीकरचा आवाज त्याच्या मागच्या भिंतीवरून एकदाच परत येऊन मूळ आवाजाला कापतो, त्यानेही खड्डा पडतो. स्पीकर भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर हा खड्डा १७० हर्ट्झच्या आसपास येतो. दोन्हीत फरक करायचा एक सोपा मार्ग आहे. स्पीकर थोडा पुढे ओढा आणि पुन्हा मोजा. भिंतीपासूनचं अंतर ०.७ मीटर झालं की तो खड्डा १२४ हर्ट्झकडे सरकतो. खोलीच्या स्थिर लाटा मात्र स्पीकर हलवल्याने जागा सोडत नाहीत. ४८ चा सुळका ४८ वरच राहतो, फक्त उंच किंवा ठेंगणा होतो. कारण तो आकडा भिंतींमधल्या अंतराने ठरवलाय, स्पीकरने नाही.

दुसरी खूण वेळेची. REW मध्ये वॉटरफॉल नावाचा आलेख असतो. सूर थांबल्यावर कुठली वारंवारता किती वेळ रेंगाळते, ते तो दाखवतो. बाकी आवाज विझून गेल्यावरही ४८ पाशी एक लांब शेपूट पुढे येत असेल, तर ती स्थिर लाट. ढोलाचा ठोका संपला तरी गुंजन मागे राहतं, ते हेच.

तिसरी चूक आलेख गुळगुळीत करण्याची. सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंगची सोय असते. एक तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग लावलं, तर ४८ हर्ट्झपाशी सुमारे ११ हर्ट्झची सरासरी निघते. आणि जी लाट विझायला ०.८ सेकंद घेते, तिच्या सुळक्याची रुंदी असते तीन हर्ट्झहून कमी. म्हणजे सुळका सरासरीत बुडून जातो आणि आलेख छान दिसतो. बास बघताना स्मूदिंग बंद ठेवा, किंवा अगदी कमी ठेवा.

मायक्रोफोन नसेल तर?

पन्नास हर्ट्झच्या खाली उतरणारा स्पीकर असेल, तर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप वापरून ४८ हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा. तुमच्या खोलीचा आकडा वरच्या सूत्राने काढा. मग एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू चाला. भिंतीपाशी सूर मोठा, मध्यावर जवळपास नाहीसा आणि पलीकडे पुन्हा मोठा. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की कोणीतरी आवाज बंद-चालू करतंय.

फोनच्या स्पीकरवर हे जमणार नाही, तो इतका खालचा सूर काढूच शकत नाही. फोनच्या मायक्रोफोनवर डेसिबलचे आकडेही खरे मानू नका, कारण बासमध्ये तो कमी दाखवतो. पण एकाच सुराची दोन जागांवर तुलना करायला तो चालतो.

उपाय कुठला चालतो, कुठला नाही?

पहिला उपाय फुकट आहे, खुर्ची सरकवणे. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या खोलीत साधारण १.३७ मीटरवर बसायचं. तिथे लांबीची पहिली लाट भिंतीपेक्षा नऊ डेसिबलने कमी असते, पण गायब नसते. दुसरी लाटही तिच्या शांत जागेपासून दूर असते. स्पीकरही त्या हिशोबाने भिंतीकडे सरकवायचे आणि पुन्हा मोजायचं. ४८ चा खड्डा भरलेला आणि ९६ चा सुळका थोडा बसलेला दिसला पाहिजे.

पण यालाही मर्यादा आहे. रुंदीच्या मध्यावरून हलता येत नाही, नाहीतर डावा-उजवा आवाज बिघडतो. कानांची उंचीही बदलत नाही. म्हणून ५८ आणि ६३ पाशी उणीव राहणारच. ती आलेखावर बघून ठेवायची आणि मिक्स करताना त्या पट्ट्यापुरता निर्णय हेडफोनवर घ्यायचा. हेडफोनला खोली नसते.

दुसरा उपाय, इक्वलायझर. सुळका खाली आणायला तो चालतो. ९६ ला जास्तीचे सहा डेसिबल असतील, तर तेवढे कापता येतात. पण खड्डा भरायला तो वापरू नका. दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट ताकद मागायची. मूळ लाट वाढली की परत येणारी लाटही तेवढीच वाढते, आणि दोघी एकमेकींना पहिल्यासारख्याच कापतात. खड्डा तिथेच राहतो, स्पीकर मात्र जळू शकतो. शिवाय एका खुर्चीसाठी लावलेला इक्वलायझर बाजूला बसलेल्याला बरोबर असेलच असं नाही.

तिसरा उपाय, बास शोषणं. इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात. इंचभर जाडीचा काळा फोम किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले की स्टुडिओ झाला, असा समज आहे. ४८ हर्ट्झच्या लाटेची लांबी सात मीटरहून जास्त असते, म्हणजे खोलीच्या दुप्पट. इंचभर फोम तिला दिसतही नाही. तो फक्त वरचे सूर खातो. मग खोली वरून मंद आणि खालून तशीच घुमणारी होते, आणि बास आधीपेक्षा जास्त बोचतो.

जे चालतं ते जाड असतं. रॉकवूलचे सहा इंच किंवा त्याहून जाड थर, कोपऱ्यांत फरशीपासून स्लॅबपर्यंत, मागे मोकळी जागा सोडून. इतकं करूनही ४८ सारख्या खालच्या सुराला फरक थोडाच पडतो, १०० च्या पुढे चांगला पडतो. म्हणून लावण्याआधी आणि लावल्यानंतर, मायक्रोफोन त्याच जागी ठेवून, वॉटरफॉल काढायचा. शेपूट आखूड झाली असेल तर पैसे कामी आले.

घर घेताना किंवा खोली निवडताना

दोन खोल्यांमधून एक निवडायची असेल, तर टेप घेऊन तीनही मापं काढा. सर्वात वाईट खोली म्हणजे जिची दोन मापं सारखी असतात. दहा बाय दहाच्या खोलीत लांबी आणि रुंदी, दोन्हींची लाट ५७ हर्ट्झवर येते. दोन सुळके एकावर एक चढतात आणि शेजारची जागा आणखी रिकामी पडते. त्यात स्लॅबही साडेनऊ फुटांवर असेल, तर तिसरा सुळका ६० वर येऊन त्यांनाच चिकटतो.

त्यापेक्षा हॉल लांबट असेल आणि स्वयंपाकघराकडची बाजू उघडी असेल, तर तो बेडरूमपेक्षा बरा. उघड्या बाजूने बासचा काही भाग बाहेर निघून जातो आणि परत येत नाही. घरातल्यांना ते कितपत चालेल हा वेगळा प्रश्न. पण टेपचे तीन आकडे आणि वरचं एका ओळीचं सूत्र एवढ्यावर, स्पीकर विकत घेण्याच्या आधीच, कुठल्या सुरावर ती खोली खोटं बोलणार आहे ते कळतं.